कपाटाची दारं एका रेषेत आणायची तर: थ्री-वे बिजागरी आणि स्लायडिंग ट्रॅक, कोणता स्क्रू आधी आणि कोणता शेवटी

दार खाली आलं की हात आपोआप उंचीच्या स्क्रूकडे जातो. दार खाली गेलंय, म्हणजे वर उचलायला हवं, असा साधा हिशेब मनात असतो. मुंबईतल्या फ्लॅटमधली किचनची आणि बेडरूमची फर्निचरं बसवताना नि दुरुस्त करताना मी सगळ्यात जास्त वेळा हीच चूक पाहिली आहे. घरमालक ती करतातच, पण घाईत असलेले फिटरही करतात. तिरकं झालेलं दार उंचीच्या स्क्रूने कधीच सरळ होत नाही. ते तसंच तिरकं राहून फक्त वर सरकतं. तिरकेपणा जातो तो बाजूच्या स्क्रूने. याचं कारण आणि कामाचा क्रम पुढे टप्प्याटप्प्याने दिला आहे.

## टप्पा १: तयारी

हाताशी चार वस्तू हव्यात: एक फुटी लेव्हल, मेजरिंग टेप, पेन्सिल आणि योग्य टोकाचा स्क्रूड्रायव्हर. थ्री-वे, म्हणजे दार तीन दिशांना हलवता येणाऱ्या, बिजागरीच्या बहुतेक स्क्रूंना पीझेड २ टोक लागतं. ते दिसायला साध्या चौफुली टोकासारखंच असतं, पण त्याच्या चार खाचांच्या मधे आणखी चार बारीक रेषा असतात. साधं चौफुली टोक त्यात नीट बसत नाही. जोर लावला की घसरतं आणि स्क्रूचं डोकं खातं. डोकं एकदा गोल झालं की समायोजन राहतं बाजूला, आधी तो स्क्रू काढायचंच काम होऊन बसतं. नागदेवी स्ट्रीटवर किंवा घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पीझेड २ म्हणून मागितलं की मिळतं. बॅटरीवरचं ड्रिल मात्र या कामाला लावू नका. इथे सगळा खेळ पाव फेऱ्याचा आहे.

फट मोजायला जुनी एटीएम कार्डं चांगली. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या जरासं वर असतं. दोन एकत्र धरली की दीड, तीन धरली की सव्वादोनच्या आसपास. डोळ्याच्या अंदाजापेक्षा हे माप जास्त विश्वासाचं.

स्क्रूला हात लावण्याआधी प्रत्येक दाराच्या चारही बाजूंच्या फटी कागदावर लिहून ठेवा: वर किती, खाली किती, मधे किती. लिहिलं नाही तर तिसऱ्या स्क्रूनंतर आपण कुठून निघालो तेच आठवत नाही.

## टप्पा २: आधी बॉक्स, मग दार

दार वाकडं दिसतं तेव्हा पुष्कळदा दार सरळच असतं आणि बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, पिळलेला असतो. आपल्याकडच्या भिंतींचं प्लॅस्टर क्वचितच एका पातळीत असतं. भिंतीवरचा बॉक्स स्क्रूने आवळला की तो भिंतीच्या खळग्यात ओढला जातो. चारपैकी एक कोपरा मागे जातो, आणि मग दोन दारांचे खालचे कोपरे पुढेमागे दिसू लागतात.

तपासायला दोरा पुरतो. दारं उघडून बॉक्सच्या समोरच्या कडांवर वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक दोरा ताणा आणि दुसरा उलट्या दिशेने. मधे जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे त्यांनी जेमतेम स्पर्श करायला हवा. अंतर पडलं किंवा एक दुसऱ्याला दाबू लागला, तर बॉक्सला पीळ आहे. मग दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर बॉक्स गुण्यात नाही, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नाहीत.

उपाय बिजागरीत नाही, मागे आहे. भिंतीचा स्क्रू थोडा सैल करून जिथे पोकळी आहे तिथे प्लायची किंवा सनमायकाची पातळ पट्टी पॅकिंग म्हणून सरकवा आणि पुन्हा आवळा.

सावधान: भिंतीचा स्क्रू सैल करण्याआधी बॉक्स पूर्ण रिकामा करा आणि खालून कुणालातरी धरायला सांगा. स्टीलच्या डब्यांनी भरलेला बॉक्स एका स्क्रूवर लोंबकळला तर तो भिंतीतला प्लग घेऊनच खाली येतो.

## टप्पा ३: सैल काय आहे ते शोधा

दार थोडं उघडा, हँडलकडची कड हातात धरून हलकेच वर-खाली हलवा आणि नजर बिजागरीवर ठेवा. हललं तर कुठे हलतंय? दारात बसलेल्या वाटीपाशी, की बॉक्सच्या बाजूला बसलेल्या प्लेटपाशी? जे हलतंय ते आधी घट्ट करा. सैल स्क्रूवर केलेलं समायोजन दोन दिवसही टिकत नाही.

स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोकातली पकड गेली आहे. जाडा स्क्रू ठोकण्याचा मोह आवरा, बारीक बोर्डात त्याने भोक आणखी फाटतं. गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या किंवा बांबूची बारीक कांडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट बसवा, बाहेर आलेला भाग कापा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी मधोमध बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू हाताने लावा. १८ मिलिमीटरच्या प्लायला १६ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. त्याहून लांब घेतलात तर टोक पलीकडच्या सनमायकातून डोकावेल.

सिंकजवळच्या बॉक्समध्ये वाटीभोवतीचा बोर्ड फुगून भुसभुशीत झाला असेल तर काड्याही टिकत नाहीत. तिथे बिजागरी दोन-अडीच इंच वर किंवा खाली नव्या जागी घ्यावी लागते, आणि वाटीसाठी ३५ मिलिमीटरचं नवं भोक सुताराकडूनच पाडून घ्यावं.

## टप्पा ४: तीन स्क्रू ओळखा आणि मध्यावर आणा

बिजागरीचा हात दाराकडून बॉक्सच्या आत जातो. त्यावरचा दाराजवळचा स्क्रू बाजूचा: तो दार डावीकडे-उजवीकडे नेतो. आतल्या टोकाचा स्क्रू खोलीचा: तो दार बॉक्सच्या जवळ आणतो किंवा दूर नेतो. उंची असते प्लेटवर. काही प्लेटना लांबट भोकांतले दोन स्क्रू असतात, काहींना एकच फिरता स्क्रू.

बिजागरीचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे वागतात. जी दाबल्यावर 'टक' करून प्लेटवर बसते तिचा आतला स्क्रू फिरवला की दार लगेच पुढेमागे होतं. जी सरकवून बसवतात, म्हणजे स्थानिक बाजारात मिळणारी साधी, तिचा आतला स्क्रू हात आवळून धरतो. तो अर्धा फेरा सैल केल्याशिवाय बाजूचा स्क्रू फिरवायचा नाही, आणि काम झाल्यावर तो पुन्हा आवळायचा. हे माहीत नसलं की लोक बाजूच्या स्क्रूवर जोर लावत राहतात आणि त्याचे आटे जातात.

आधी कुणी गोंधळ घालून ठेवला असेल तर तिन्ही समायोजनं अंदाजे मध्यावर आणा. बाजूचा स्क्रू साधारण दोन-तीन मिलिमीटरच इकडे-तिकडे नेतो. तो आधीच टोकाला असेल तर पुढे जायला जागाच उरत नाही.

तपासा: मध्यावर आणल्यावरही दार सात-आठ मिलिमीटरने चुकतंय का? मग बिजागरीच चुकीची आहे. दोन दारं एकाच मधल्या पार्टिशनवर येतात तिथे आठ क्रँकची, म्हणजे हाताला बाक असलेली, बिजागरी हवी, बाहेरच्या बाजूला झिरो क्रँकची, म्हणजे सरळ हाताची. अदलाबदल झाली असेल तर स्क्रू कितीही फिरवा, दार जागेवर येणार नाही.

## टप्पा ५: आधी खोली

दार बंद करून बिजागरीकडच्या बाजूने पाहा. दाराची पाठ आणि बॉक्सची कड यांच्यात दोन कार्डं सहज सरकली पाहिजेत. ती सरकत नसतील तर दार बॉक्सवर दाबलं जातंय. असं दार पूर्ण मिटत नाही, हात सोडला की किंचित उघडतं. लोक म्हणतात स्प्रिंग गेली. स्प्रिंग ठीक असते, दाराला जागा नसते. आतला स्क्रू फिरवून वर आणि खाली सारखीच फट आणा.

दार स्वतःच थोडं वाकलेलं असेल, म्हणजे हँडलकडचा वरचा कोपरा बाहेर राहत असेल, तर वरची बिजागरी थोडी आत आणि खालची थोडी बाहेर घेऊन दोन-तीन मिलिमीटरची वाक झाकता येते. त्याहून जास्त वाकलेलं दार बदलावं लागतं.

## टप्पा ६: तिरकेपणा

कामाचा गाभा हाच, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो.

मुलुंडच्या एका दोन खोल्यांच्या घरात, सिंकच्या वर ९०० मिलिमीटर रुंद आणि ७२० मिलिमीटर उंच बॉक्स होता, दोन दारांचा. वहिनींची तक्रार अशी, "दादा, आत्ताच एक जण येऊन करून गेला, तरी दारं वर एकमेकांवर घासतायत." पाहिलं तर दारांमधली फट वर जेमतेम एक मिलिमीटर आणि खाली जवळजवळ सहा. उजवं दार लेव्हलमध्ये होतं. डाव्या दारावर लेव्हल ठेवली, तर हँडलकडची बाजू तीन मिलिमीटर खाली होती. पण त्याच दाराची बिजागरीकडची वरची कड शेजारच्या बॉक्सच्या दारापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर गेली होती. आधी येऊन गेलेल्याने हँडलची बाजू उचलायला उंचीचे स्क्रू वापरले होते.

ते का चाललं नाही ते समजून घ्या. दोन्ही बिजागऱ्या दाराच्या एकाच उभ्या कडेवर आहेत. दोन्ही प्लेटा तीन मिलिमीटर वर घेतल्या की सगळं दार तीन मिलिमीटर वर जातं, जसं तिरकं होतं तसंच. एकच प्लेट वर घेतली तर दार फिरत नाही. दोन वाट्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे बिजागऱ्यांवर ताण येतो आणि दार किरकिरतं. दार फिरवायचं तर त्याचा वरचा भाग एका बाजूला आणि खालचा भाग दुसऱ्या बाजूला न्यायला हवा. ते बाजूच्या स्क्रूचं काम.

डाव्या बाजूला बिजागऱ्या असलेलं दार हँडलकडे झुकलं की त्याचा वरचा भाग उजवीकडे जातो आणि खालचा डावीकडे. म्हणून वरची बिजागरी दाराला डावीकडे ओढेल अशी फिरवायची आणि खालची उजवीकडे ढकलेल अशी. नियम लक्षात ठेवायला सोपा: हँडलची बाजू खाली असेल तर वरची बिजागरी दाराला स्वतःकडे घेते, खालची दूर ढकलते. हँडलची बाजू वर गेली असेल तर बरोबर उलट.

किती, तेही मोजता येतं. दार ४५० रुंद, झुकाव तीन, म्हणजे दीडशेला एक. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ५२० मिलिमीटर. ५२० भागिले १५० म्हणजे साडेतीनच्या आसपास. तेवढा एकूण फरक हवा, म्हणून वरच्या बिजागरीत पावणेदोन एका दिशेला आणि खालच्या बिजागरीत पावणेदोन दुसऱ्या दिशेला. सगळा साडेतीन एकाच बिजागरीतून काढायला गेलात तर तिचं समायोजन संपतं आणि दारही एका बाजूला सरकतं.

मी दोन्ही प्लेटा मध्यावर आणल्या, मग वरचा स्क्रू अर्धा फेरा, खालचा अर्धा फेरा उलटा, दार मिटवून पाहायचं, पुन्हा अर्धा. कोणत्या दिशेला फिरवल्यावर दार कुठे जातं ते पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच कळतं. तिसऱ्या खेपेला मधली फट वर-खाली सारखी झाली.

सावधान: प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर दार पूर्ण मिटवा आणि मगच बघा. उघड्या दारावरून अंदाज बांधला तर तो चुकतोच.

## टप्पा ७: उंची आणि मग शेवटची फट

दार लेव्हलमध्ये आलं की उंची घ्या, त्याआधी नाही. लांबट भोकांच्या प्लेटा असतील तर एकाने दार खालून धरावं, दुसऱ्याने दोन्ही प्लेटांचे स्क्रू सैल करावेत, दार शेजारच्या दाराच्या रेषेत आणून आधी वरची प्लेट आवळावी, मग खालची. एकट्याने करत असाल तर दाराखाली पुस्तकांचा किंवा लाकडाच्या तुकड्यांचा थर लावा.

मग मधली फट. आता दोन्ही बिजागऱ्यांचे बाजूचे स्क्रू एकाच दिशेला आणि सारखेच फिरवायचे. फट दोन ते तीन मिलिमीटर ठेवा. जुलैमध्ये हे काम करत असाल तर दारं आधीच ओल धरून फुगलेली असतात, तेव्हा दोनवर आणली तरी चालतं, ती फेब्रुवारीत वाढेल. फेब्रुवारीत करत असाल तर तीनच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कडा घासतील.

उंच दारांना बिजागऱ्या पुरेशा आहेत का तेही पाहून घ्या. ९०० मिलिमीटरपर्यंत दोन चालतात, १६०० पर्यंत तीन, दोन मीटरच्या वॉर्डरोबला चार. दोन बिजागऱ्यांवर लटकवलेलं सहा फुटी दार दर महिन्याला खाली येणारच. त्याला समायोजन नको, तिसरी आणि चौथी बिजागरी हवी. तीन किंवा चार असतील तर तिरकेपणा काढताना मधल्यांचे आतले स्क्रू सैल ठेवा, टोकांच्या दोघींनी दार जागेवर आणलं की मगच त्या आवळा.

डबे परत भरा आणि एकदा पुन्हा तपासा. भरल्यावर बॉक्स किंचित बसतो.

## टप्पा ८: स्लायडिंग दार, आधी ट्रॅक

नऊ बाय दहाच्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यात उघडणाऱ्या दाराला जागाच नसते, म्हणून स्लायडिंग वॉर्डरोब. आपल्याकडे बहुतेकांत वजन खालच्या रोलरवर असतं आणि वर फक्त गाइड असते. मी त्याच प्रकाराबद्दल लिहितो आहे.

खालच्या ट्रॅकमध्ये केस, धूळ आणि कपड्यांच्या तंतूंचं जाडसर पीठ साचतं. जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्युमने ते काढा, कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल, ग्रीस काहीही घालू नका. आठवडाभर दार लोण्यासारखं सरकतं आणि मग त्याच तेलात धूळ कालवून काळा लगदा होतो, तो रोलरला चिकटतो. ट्रॅकच्या स्क्रूंवरून बोट फिरवा. एखादं डोकं वर आलं असेल तर रोलर प्रत्येक वेळी त्यावर आपटतो.

आता दार डावीकडे, मधे आणि उजवीकडे थांबवून हात सोडा. तिन्ही ठिकाणी ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. दोन्ही टोकांकडून मध्याकडे घरंगळत असेल तर ट्रॅकखालची फळी मधे खचली आहे. तिच्याखाली पॅकिंग द्या. सगळं एकाच दिशेला जात असेल तर कपाटच लेव्हलमध्ये नाही, त्याच्या पायांखाली पॅकिंग द्या. हे न करता रोलर फिरवले तर दार एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकलेलं दिसेल.

## टप्पा ९: रोलर

दार बाजूच्या फळीपर्यंत हलकेच न्या आणि उभी फट पाहा. वर टेकतं आणि खाली फट राहते, तर दार त्या बाजूला झुकलंय, म्हणजे त्या बाजूचा रोलर खाली आहे. वर टेकतं तिकडचा रोलर उचला. खाली टेकतं तर तिकडचा रोलर उतरवा.

२१०० मिलिमीटर उंच दार, दोन रोलरमधलं अंतर ९००, आणि खाली ८ मिलिमीटर फट. तर रोलर ८ गुणिले ९०० भागिले २१००, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास उचलायचा. खालची फट मोठी दिसते म्हणून लोक स्क्रू टोकापर्यंत फिरवतात. एवढ्याची गरज नसते.

समायोजनाचा स्क्रू दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कडेला किंवा आतल्या बाजूला असतो. फिरवताना दुसऱ्याला दार त्या कोपऱ्यात पायाच्या चवड्याने किंवा छोट्या पट्टीने किंचित उचलून धरायला सांगा. ४० किलोचं दार स्क्रूवर टेकलेलं असताना फिरवलं तर प्लास्टिकच्या घरातले आटे जातात, आणि मग अख्खा रोलर बदलावा लागतो.

तपासा: उचलल्यावर दार वरच्या गाइडमध्ये घासतं का? आणि उतरवल्यावर वरची कड गाइडमधून निसटण्याइतकी खाली गेली का? दार दोन्ही हातांनी सरळ वर उचलून बघा. ते ट्रॅकमधून बाहेर येता कामा नये. आलं तर वरच्या कोपऱ्यांतली दार उडू न देणारी कडी बसवलेली नाही किंवा सैल झाली आहे. ती घट्ट केल्याशिवाय काम संपलं असं समजू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

सरकवताना ठराविक अंतरावर 'टक टक' आवाज येत राहिला, तर रोलर एका बाजूने चपटा झाला आहे. समायोजनाने तो आवाज जात नाही. एका दाराचे दोन्ही रोलर जोडीनेच बदला, नाहीतर नवा आणि झिजलेला यांच्या उंचीत फरक पडून दार पुन्हा झुकतं.

पुढचं आणि मागचं दार दोन्ही सरळ झाली की सगळ्यात शेवटी दार हळूच मिटवणाऱ्या सॉफ्ट क्लोजचा पकडणारा तुकडा ट्रॅकमध्ये सरकवून त्याची जागा ठरवा. दार फळीपासून तीन-चार इंचांवर असताना त्याने पकडलं पाहिजे. आधीच जागा ठरवलीत तर रोलर उचलल्यावर पकड चुकते, आणि दार फळीपाशी येऊन आपटतं किंवा दोन बोटं आधीच थांबतं.